संक्रांतीचं कॅरोसेल: ‘आजपासून दिवस मोठा’ असं मुलांना सांगायचं का?

अबोली (रेडिंग, इंग्लंड) · २ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या इन्स्टा पानासाठी संक्रांतीचं कॅरोसेल करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. आठ चित्रं, प्रत्येकावर जास्तीत जास्त दोन-तीन वाक्यं. वाचणार सहा ते दहा वर्षांची मुलं, म्हणजे खरं तर त्यांचे आईबाबा त्यांना वाचून दाखवणार. कच्चा मजकूर असा केलाय:

१. संक्रांत म्हणजे काय?
२. १४ जानेवारीला सूर्य उत्तरेकडे वळतो आणि त्या दिवसापासून दिवस मोठा व्हायला लागतो.
३. थंडीत अंगात ऊब राहावी म्हणून आपण तीळ आणि गूळ खातो.
४. काळा रंग उष्णता शोषतो म्हणून काळे कपडे घालतो.
५. सुगडात काय काय असतं?
६. छोट्या बाळांचं बोरन्हाण.
७. घरी काय करता येईल: तिळगूळ, पतंग, हळदीकुंकू.
८. तिळगूळ घ्या, गोड गोड बोला!

रात्री लेकीला (वय ९) वाचून दाखवलं. दुसऱ्या चित्रावर ती म्हणाली, “आई, हे चूक आहे. शाळेत शिकवलंय, सगळ्यात छोटा दिवस २१ डिसेंबर. मग जानेवारीत परत कसा वळेल सूर्य?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी लहानपणापासून हेच ऐकत आले आहे. आता दुसऱ्या चित्रावर लिहू काय? आणि बाकीच्यांतही अशा काही चुका असतील तर आत्ताच सांगा, नंतर मंडळाच्या ग्रुपवर शोभा नको.

---

आजोबा_कोथरूड · ३ जानेवारी, सकाळी ७:०५

कॅरोसेल म्हणजे जत्रेतला घोड्यांचा गोल पाळणा ना? मी सगळा धागा पाळण्याच्या आशेने वाचला. असो, नातवाने फोनवर समजावलं.

मुलांना इतिहासही सांगा. पानिपतचं युद्ध १४ जानेवारी १७६१ ला, ऐन संक्रांतीच्या दिवशी झालं. ‘संक्रांत कोसळली’ हा वाक्प्रचार तिथूनच आला म्हणतात. त्याचं एक चित्र हवंच.

---

तारांगण (पुणे) · ३ जानेवारी, सकाळी १०:२०

अबोली, लेक बरोबर आहे, तिला माझ्याकडून तिळाची वडी.

दोन गोष्टींची आपल्याकडे गल्लत झाली आहे. सूर्य दक्षिणेकडचं टोक गाठून उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. दिवस मोठा व्हायला तेव्हाच सुरुवात होते. संक्रांत म्हणजे सूर्याने मकर राशीत पाऊल टाकणं. आपलं पंचांग राशी मोजतं ती ताऱ्यांच्या संदर्भाने. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी या दोन्ही घटना जवळपास एकाच दिवशी यायच्या, म्हणून ‘मकर संक्रांत म्हणजे उत्तरायण’ हे समीकरण पक्कं झालं. पुढे दोन्ही एकमेकींपासून सरकत गेल्या.

का सरकल्या? इथे भोवरा काढा. दोरी गुंडाळून फिरवलेला भोवरा जोरात फिरत असतो, पण त्याचं वरचं टोकही हळूहळू डुलत गोल फिरतं. पृथ्वीचा अक्ष तसाच डुलतो, एका फेरीला सुमारे २६ हजार वर्षं लागतात. त्या डुलण्यामुळे ऋतू आणि तारे यांची जोडी हळूहळू सुटते. नऊ वर्षांच्या मुलीला हे कळतं, मी घरी दोन भाचरांवर करून पाहिलंय. फक्त भोवरा खरा हवा, फोनवरचा नाही.

दुसऱ्या चित्रावर असं लिहिता येईल: “सूर्य उत्तरेकडे निघाला तो डिसेंबरातच. आज तो मकर राशीत पोचला. दिवस मोठा होतोय हे आता आपल्याला जाणवायला लागलंय.” यात खोटं काही नाही आणि सणही हातचा जात नाही.

आजोबा, पानिपतबद्दल. तारीख १४ जानेवारी १७६१ बरोबर, पण त्या वर्षीची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, आणि त्यांची जन्मतारीख आहे १२ जानेवारी १८६३. म्हणजे त्या काळी संक्रांत १२ ला होती. पानिपत त्याच्याही शंभर वर्षं आधीचं, तेव्हा ती आणखी आधीच्या तारखेला होती. १४ ही तारीख आपल्या पिढ्यांची आहे.

---

आजोबा_कोथरूड · ३ जानेवारी, सकाळी १०:५२

सत्तर वर्षं मी हे लोकांना सांगत आलो. आता सगळ्यांना फोन करायचे का?

---

गुळपोळी (टोरोंटो) · ३ जानेवारी, संध्याकाळी ६:१५

तारांगण म्हणतात ते मला माहीत होतं, दर ७२ वर्षांनी संक्रांत एक दिवस पुढे जाते. म्हणूनच २०२४ ला १५ जानेवारीला आली. आता ती कायमची १५ लाच राहणार, तेव्हा अबोली, कॅरोसेलवर १५ लिही.

---

तारांगण · ३ जानेवारी, रात्री ८:०१

७२ वर्षं हा हिशोब बरोबर, पण २०२४ चं कारण ते नव्हे. २०२५ ला ती पुन्हा १४ ला आलीच ना? यंदाही १४ लाच आहे, बुधवारी.

सूर्याला त्याच ताऱ्यापाशी परत यायला ३६५ दिवस आणि वर सुमारे सहा तास नऊ मिनिटं लागतात. म्हणून संक्रांतीचा क्षण दरवर्षी सहा तासांनी उशिरा येतो. गेल्या वर्षी तो भारतात सकाळी नऊच्या सुमारास होता, यंदा दुपारी तीनच्या सुमारास आहे, पुढच्या वर्षी रात्री नऊच्या पुढे जाईल. सूर्यास्तानंतर क्षण आला की आपण सण दुसऱ्या दिवशी धरतो, म्हणून २०२७ ला कॅलेंडरवर १५ दिसेल. मग लीप वर्षाचा एक दिवस मिळाला की सगळं चोवीस तास मागे येतं. असा हा झोका आहे, १४ आणि १५ मधला. वरची ती नऊ मिनिटं मात्र साठत राहतात, आणि १७००, १८००, १९०० ही शतकी वर्षं लीप धरली नाहीत त्याचीही भर पडते. विवेकानंदांची १२ आणि आपली १४ यांतला फरक त्या साठवणीचा.

दिवाळी दरवर्षी दहा-वीस दिवस मागेपुढे हलते आणि संक्रांत हलत नाही, हे मुलांच्या लक्षात येतंच. उत्तर एका ओळीचं: दिवाळी चंद्र पाहून येते, संक्रांत सूर्य पाहून.

---

अबोली · ३ जानेवारी, रात्री ९:३०

मग पुढच्या वर्षी आमची पंचाईतच. भारतात रात्री नऊ म्हणजे इथे दुपारचे साडेतीन, सूर्य अजून वर असेल. आम्ही १४ ला करायची की १५ ला?

---

तारांगण · ३ जानेवारी, रात्री ९:४४

गणिताने इंग्लंडात १४. आई फोनवर १५ म्हणेल. या वादात मी पडत नाही.

---

मेल्बर्नकर · ४ जानेवारी, पहाटे ४:१०

नेहमीप्रमाणे सगळे विसरले की पृथ्वीला खालचाही अर्धा भाग आहे. आमच्याकडे संक्रांत म्हणजे भर उन्हाळा. दोन वर्षांपूर्वी मंडळाने बागेत कार्यक्रम ठेवला, अडतीस डिग्री, सगळ्या बायका काळ्या साड्यांत आणि पोरं काळ्या झबल्यांत घामाघूम. एका मुलाने विचारलं, “थंडी कुठे आहे?” आणि कोणालाच उत्तर देता येईना. दिवसही इथे २१ डिसेंबरनंतर लहानच होत जातो. तुमचं हे कॅरोसेल आमच्या मंडळाच्या ग्रुपवर आलं ना, की पहिल्या तीन चित्रांतलं एकही वाक्य आमच्या मुलांना लागू नसेल. दरवर्षी फॉरवर्ड होऊन येतंच, म्हणून आधीच सांगतोय.

---

तारांगण · ४ जानेवारी, सकाळी ९:१५

मेल्बर्नकर, तुमची तक्रार रास्त आहे, पण ‘उत्तरायण’ हा शब्द तुमच्याकडेही खराच आहे. सूर्य उत्तरेकडेच निघालाय, फक्त तो तुमच्यापासून दूर चाललाय. मी तर म्हणेन या सणाचं सगळ्यात चांगलं चित्र तुमच्याशिवाय होणारच नाही.

अबोली, एक काठीचा खेळ सांगतो. तीस सेंटिमीटरची पट्टी किंवा काठी सपाट जमिनीवर सरळ उभी करा. दुपारी तिची सावली सगळ्यात आखूड होते तेव्हा टोकाशी खडूने खूण करा. तुमच्याकडे ही वेळ सव्वाबाराच्या आसपास येईल. घड्याळावर फार विसंबू नका, बारा ते साडेबारा दर पाच मिनिटांनी एक ठिपका काढा आणि सगळ्यात जवळचा ठिपका घ्या. रेडिंगला आज सावली साधारण १०६ सेंटिमीटर भरेल. १४ तारखेला ती ९७ च्या आसपास येईल. दहा दिवसांत वीतभर नाही, पण चार बोटांहून जास्त. मुलाला डोळ्यांनी दिसेल इतका हा फरक आहे. “सूर्य वर येतोय” हे सांगावंच लागत नाही.

मेल्बर्नला तीच पट्टी लावली तर उलटं होईल. तिथे सूर्य इतका डोक्यावर असतो की सावली आठ-नऊ सेंटिमीटरचीच, पण ती रोज किंचित वाढत जाईल. १४ ला दोन्हीकडच्या मुलांनी फोटो काढून एकमेकांना पाठवावेत.

चूक कुठे होते तेही सांगतो. काठी तिरकी असली की सगळं बिघडतं. टोकाला एक दोरा आणि खाली खिळा बांधून ओळंबा धरा. आणि रोज जागा बदलू नका, अंगणाचा उतार डोळ्यांना कळत नाही.

---

मेल्बर्नकर · ४ जानेवारी, सकाळी ११:३०

सावलीचं आवडलं. आमची सगळ्यात आखूड सावली दीडच्या सुमारास पडते, उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असतं म्हणून. हे लिहा नाहीतर आमची पोरं बाराला उन्हात करपतील.

काळ्या कपड्यांचं मात्र काय करायचं?

---

नर्मदेहर (इंदूर) · ४ जानेवारी, दुपारी १:००

काळ्या कपड्यांचं ‘उष्णता शोषतो’ हे कारण मला नेहमी मागाहून चिकटवल्यासारखं वाटतं. हळदीकुंकू संध्याकाळी, घरात, दिव्याखाली. तिथे कसलं ऊन शोषणार? आमच्या आजीकडे काळी चंद्रकळा होती, खडीची, आणि ती म्हणायची की मोठ्या रात्रीला निरोप द्यायचा तर तिच्याच रंगाचं नेसावं. हे जास्त पटतं. एरवी वर्षभर शुभकार्यात काळं नको म्हणतात आणि या एका दिवशी हौसेने नेसतात, मुलांना ही गंमतच पुरेशी आहे.

---

गुळपोळी · ४ जानेवारी, संध्याकाळी ५:५०

काळा रंग उष्णता शोषतो हे विज्ञान आहे हो. आमच्याकडे उणे पंधरा असतं, कळतं लगेच.

---

नर्मदेहर · ४ जानेवारी, संध्याकाळी ६:२२

उणे पंधरात साडीवर जाकीट कोणत्या रंगाचं असतं?

---

चकली_फसली (न्यू जर्सी) · ५ जानेवारी, सकाळी ८:१०

ज्योतिष वगैरे वाचलं, छान. मी धागा तिळगुळाचा समजून आले. माझ्या वड्या दरवर्षी दगड होतात. गेल्या वर्षी मुलाने एक टेबलावर आपटली, वडी तशीच, टेबलाला खोक. मी चिक्कीचा गूळ भारतीय दुकानातून आणते, पाकिटावरच्या कृतीप्रमाणे पाक करते. आणि अबोलीच्या सातव्या चित्रावर नुसतं ‘तिळगूळ’ लिहून काय होणार? मुलांना पाकाजवळ उभं करायचं का?

---

सुगरण_नाही_मी (नाशिक) · ५ जानेवारी, सकाळी १०:४०

पाकाजवळ मुलांना मुळीच उभं करू नका. उकळलेला गूळ कातडीला चिकटून बसतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही. माझ्या हातावर १९९८ ची खूण आहे अजून.

दगडाचं कारण चिक्कीचा गूळ. तो कडक होण्यासाठीच असतो. मऊ वडीला साधा, काळपट, हाताने फुटणारा गूळ घ्यायचा. पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकून बोटांनी गोळा करून बघायचा. मऊ गोळी झाली की लगेच गॅस बंद. गोळी ताटलीवर टाकल्यावर टण्ण वाजली तर ती चिक्की झाली, मग टेबल सांभाळा.

पण मुलांबरोबर करायचं तर बिनपाकाचे लाडू करा. एक वाटी तीळ मंद आचेवर भाजायचे. तडतडायला लागले आणि दाणा जरा फुगला की उतरवायचे, रंगाची वाट पाहू नका. तांबूस झाले की कडू लागतात. पूर्ण गार करायचे. मग पाऊण वाटी किसलेला गूळ, अर्धी वाटी भाजलेल्या दाण्याचं कूट आणि चिमूटभर वेलदोडा घालून मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवायचं. तिळाचं तेल सुटतं आणि मिश्रण मुठीत दाबलं की मूठ धरते. तिथे थांबायचं. आणखी फिरवलं तर तेल वेगळं होऊन लगदा होतो, आणि लाडू ताटात बसकण मारतात. मिश्रण भुरभुरीत राहिलं तर चमचाभर तूप. तीळ-दाणे भाजले की गॅसचं काम संपलेलं असतं, पुढे मुलांनी लाडू वळावेत. सुपारीएवढे सांगा, नाहीतर क्रिकेटचे चेंडू होतात.

---

गुळपोळी · ५ जानेवारी, दुपारी ३:२०

इथे मिळणारी गुळाची पावडर चालते का? आमच्या मेक्सिकन दुकानात पिलोन्सिलो म्हणून उसाच्या रसाची ढेपही मिळते, वास अगदी गुळाचा.

---

सुगरण_नाही_मी · ५ जानेवारी, दुपारी ४:०५

पावडर कोरडी असते, मूठ धरत नाही, तूप जास्त लागेल. तुमची ती ढेप किसून बघा, मी पाहिलेली नाही.

---

अबोली · ५ जानेवारी, रात्री ९:१०

बिनपाकाचे लाडू सातव्या चित्रावर पक्के. आता शाळेचा प्रश्न. १४ ला बुधवार, लेकीला वर्गात तीस जणांना तिळगूळ वाटायचाय. शाळा म्हणते घरचं खाणं नको. दाणे वगळून नुसत्या तिळाचे केले तर?

---

गुळपोळी · ५ जानेवारी, रात्री १०:००

काटेरी हलवा दे गं. ती नुसती साखर, त्यात कोणाला काय होणार?

---

रात्रपाळी (बर्मिंगहॅम) · ६ जानेवारी, पहाटे ३:४५

मुलांच्या वॉर्डात काम करते म्हणून स्पष्ट लिहिते. तिळाची अॅलर्जी खरी असते आणि काही मुलांना ती जोरात होते. ब्रिटनमध्ये खाण्याच्या पदार्थांवर जी चौदा अॅलर्जीकारक द्रव्यं ठळक लिहावी लागतात, त्यांत तीळ आहेत. अमेरिकेतही १ जानेवारी २०२३ पासून तीळ त्या यादीत नववे. म्हणजे दाणे काढून तीळ ठेवले तर धोका टळत नाही, फक्त बदलतो.

आणि गुळपोळी, हलव्याच्या आत काय असतं? कढईत तीळ घेऊन त्यावर साखरेचा पाक थेंबथेंब चढवतात तेव्हा काटा येतो. अशा प्रत्येक दाण्याच्या पोटात तीळ असतो. काही जण साबुदाण्यावर किंवा खसखशीवर करतात, पण पाकिटातला कोणावर केलाय हे बघून कळत नाही.

वर्गात खाणं नकोच. मंडळात वाटताना ताटावर ‘यात तीळ आणि शेंगदाणे आहेत’ अशी चिठ्ठी लावा, आणि आईवडिलांना विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या मुलाच्या तोंडात लाडू घालू नका. हे शेवटचं आपल्या मावशी-काकूंना सांगणं सगळ्यात अवघड.

---

आजोबा_कोथरूड · ६ जानेवारी, सकाळी ७:३०

आमच्या वेळी अॅलर्जी नव्हती.

---

रात्रपाळी · ६ जानेवारी, सकाळी ७:४८

आजोबा, निदान नव्हतं.

---

नर्मदेहर · ६ जानेवारी, सकाळी ११:००

मग वर्गात तीळ न वाटता तिळाची गोष्ट सांगू दे लेकीला. ‘तेल’ हा शब्दच तिळावरून आलाय, संस्कृतात तिळाचं ते तैल. आणि ‘स्नेह’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, तेलातुपाचा ओशटपणा आणि माया. तीळ दाबला की स्नेह बाहेर येतो, म्हणून तो हातावर ठेवून ‘गोड बोला’ म्हणायचं. वर्षभरात जे काही भांडण झालं असेल ते तिथे मिटवायचं. आठव्या चित्रावर नुसतं ‘गोड बोला’ लिहिण्यापेक्षा हे लिहा. मुलीने तीस कागदी तिळगूळ कापावेत, मागे मैत्रिणीबद्दल एकेक चांगलं वाक्य लिहावं.

---

अबोली · ६ जानेवारी, दुपारी १:१५

नर्मदेहर, हे लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “तीस? एका मुलाबद्दल माझ्याकडे चांगलं वाक्य नाहीये.” मी म्हटलं, त्याच्यासाठीच आहे सण.

---

नवीन_आई (डब्लिन) · ६ जानेवारी, रात्री ८:५०

सहाव्या चित्राबद्दल. माझा मुलगा दीड वर्षाचा, पहिलं बोरन्हाण राहून गेलं. पाचव्या वर्षापर्यंत कधीही केलं तरी चालतं म्हणे. इथे बोरं मिळत नाहीत. इन्स्टावर बघितलं, लोक पॉपकॉर्न, द्राक्षं, चॉकलेटचे गोळे, मार्शमेलो ओततात. चालेल ना?

---

रात्रपाळी · ७ जानेवारी, पहाटे ४:२०

ओतायला चालेल, पण दीड वर्षाचं मूल अंगावर पडलेलं तोंडात घालणारच, आणि लुटायला आलेली पोरंही त्याच वयाची असतात. अख्खं द्राक्ष, शेंगदाणे, पॉपकॉर्न, फुटाणे, गोल गोळ्या या वयात घशात अडकतात. द्राक्ष तर श्वासाची वाट पुरती बुजवतं. चुरमुरे मुख्य ठेवा, ते तोंडात मऊ पडतात. हलवा, बत्तासे, उसाचे करवे मोठ्या मुलांसाठी वेगळ्या वाटीत, हातात द्यायला. बोरांऐवजी लाल-हिरव्या लोकरीचे मोठे गोंडे करून ओता. माझ्या बहिणीने केले होते, फोटोत बोरांहून छान दिसले.

---

सुगरण_नाही_मी · ७ जानेवारी, सकाळी ९:३०

खाली जुनी चादर अंथरा, आणि बाळाला पाटावर बसवा. शेवटी चारी कोपरे उचलले की झालं. नाहीतर रथसप्तमीपर्यंत सोफ्याखाली चुरमुरे सापडतात.

एक राहिलंच, आदल्या दिवसाची भोगी. सगळ्यात सोपी तीच आहे. वांगं, गाजर, घेवडा, ओले हरभरे (परदेशात फ्रोजन मिळतात म्हणे), वर तिळाचं कूट, आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी.’ कोणत्याही देशात होईल.

---

चकली_फसली · ७ जानेवारी, सकाळी ११:५०

भाकरी! त्यावर वेगळा धागा काढते.

---

अबोली · १० जानेवारी, रात्री १०:२०

सुधारलेला मजकूर. सुगड वगळलं, आमच्याकडे मातीचं मडकंच मिळत नाही आणि प्लास्टिकच्या वाट्यांना सुगड म्हणवत नाही. ‘तिळाने अंगात ऊब’ हेही काढलं, मेल्बर्नसाठी.

१. दिवाळी चंद्र पाहून येते. संक्रांत सूर्य पाहून येते. म्हणून तिची तारीख फारशी हलत नाही.
२. सूर्य डिसेंबरातच उत्तरेकडे निघाला. आज तो मकर राशीत पोचला.
३. काठी लावा, सावली मोजा. (बाजूला दोन चित्रं: इंग्लंडची आखडत जाणारी सावली, मेल्बर्नची वाढत जाणारी. खाली दोन्हीकडच्या वेळा.)
४. भारतात आत्ता शेतात हरभरा, ऊस, बोरं, गाजर आलंय. भोगीला त्याची भाजी होते.
५. आपण आज काळं का घालतो? आजीला विचारा.
६. बिनपाकाचे लाडू, पाच पायऱ्यांत. तळाशी ठळक: यात तीळ आणि शेंगदाणे आहेत.
७. बाळाचं बोरन्हाण, चुरमुरे आणि लोकरीची बोरं.
८. ‘स्नेह’ म्हणजे तेल आणि ‘स्नेह’ म्हणजे माया. तिळगूळ घ्या, गोड बोला.

भोवरा चित्रात मावला नाही. तो मंडळाच्या कार्यक्रमात प्रत्यक्ष फिरवणार, दोरी गुंडाळून तो कोणाला फिरवता येतो ते शोधतेय.

---

गुळपोळी · १० जानेवारी, रात्री ११:०५

पाचवं म्हणजे पळवाट आहे.

---

अबोली · १० जानेवारी, रात्री ११:१२

आहेच. तुम्ही दोघं एकमत करा, मग लिहिते.

---

मेल्बर्नकर · ११ जानेवारी, पहाटे ५:३०

तिसरं पाहून बरं वाटलं. आमच्यातल्या काहींचं म्हणणं आहे की आपण इथे सण जूनमध्ये करावा, थंडीत. मला ते पटत नाही, मग पंचांग कशाला? पण काळं न नेसता पांढरं नेसावं, यावर मंडळाची मीटिंग लागली आहे. कळवतो.

---

तारांगण · ११ जानेवारी, सकाळी १०:००

एक पुरवणी. लंडनकडच्या मुलांना सांगा की वाढलेला वेळ सकाळी शोधू नका. २१ डिसेंबरपासून १४ जानेवारीपर्यंत तिकडचा सूर्योदय चारेक मिनिटंच लवकर होतो, सूर्यास्त मात्र वीस मिनिटांहून जास्त पुढे जातो. शाळा सुटताना उजेड दिसेल. आमच्या पुण्यात तर संक्रांतीपर्यंत सकाळ आणखी उशिराच होत असते, म्हणून आजोबा फिरायला जाताना अजून टॉर्च नेतात.

---

आजोबा_कोथरूड · ११ जानेवारी, सकाळी १०:२५

टॉर्च कुत्र्यांसाठी नेतो.

---

अबोली · ११ जानेवारी, दुपारी २:४०

काठीचा अहवाल. ४ तारखेला १०५ सेंटिमीटर. नंतर सहा दिवस ढग. आज पंधरा मिनिटं ऊन पडलं, लेक पायमोज्यांतच धावली, ९९ भरली. वहीत तिने लिहिलंय: “सूर्य सहा सेंटिमीटर वर आला.” मी दुरुस्त केलेलं नाही. १४ ला पावसाचा अंदाज आहे.